लग्नातलं स्वागताचं भाषण: खोलीसाठी कुणाला गाठायचं, जेवणासाठी कुणाला, हे पाहुण्यांच्या लक्षात राहील असं कसं सांगावं

मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला तुमच्या आनंदाची कल्पना असते. त्याला हवी असतात दोन उत्तरं: सामान कुठे टाकायचं आणि जेवण कधी, कुठे. घरच्या कार्यांत माईक हातात घ्यायची वेळ माझ्यावर बऱ्याचदा आली आहे, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. स्वागताच्या भाषणातून पाहुण्यांनी दोन चेहरे लक्षात ठेवून उठावं, एक खोल्यांचा आणि एक जेवणाचा. तुमच्या भाषणातलं बाकी सगळं ते विसरले तरी काही बिघडत नाही.

हा लेख त्या दोन चेहऱ्यांपुरताच आहे. तुम्ही पहिल्यांदाच यजमान म्हणून उभे राहणार असाल, तर पायऱ्या याच क्रमाने घ्या. भाषण लिहायला चौथ्या पायरीला बसायचं आहे, त्याआधी नाही.

१. आधी माणसं पक्की करा

खोल्यांसाठी एक आणि जेवणासाठी एक. दोन्ही कामं एकाच माणसाकडे देऊ नका. जेवणाची पंगत किंवा बुफे सुरू झाला की तो तिकडे अडकतो, आणि नेमके त्याच वेळी उशिरा निघालेले पाहुणे बॅगा घेऊन दारात उभे असतात.

माणूस निवडताना सोपी कसोटी लावा: घरच्या फोटोंसाठी ज्यांना सारखं स्टेजवर बोलावलं जाणार आहे, ते सगळे बाद. म्हणजे आईवडील, सख्खी भावंडं, विधीला बसणारी मंडळी. तुम्ही स्वतःही बाद. 'काहीही लागलं तर मला सांगा' हे ऐकायला गोड लागतं, पण तुम्ही पुढचे सहा तास कुणाच्याही हाती लागणार नसता. पुतण्या, चुलत भावंडं, जवळचे शेजारी, जुने मित्र यांत हा माणूस सापडतो. तो शांत हवा आणि त्याला 'नाही' गोड शब्दांत म्हणता यायला हवं. मुख्य समारंभाचा काही भाग चुकला तर चालेल, हे त्याच्याकडून आधीच वदवून घ्या.

मग त्याला अधिकार द्या. हा भाग बहुतेक जण विसरतात. कार्यालयाच्या किंवा हॉटेलच्या व्यवस्थापकाला आणि मुख्य आचाऱ्याला समोर उभं करून सांगायचं, की या दोघांनी सांगितलं म्हणजे आम्हीच सांगितलं. जास्तीची खोली उघडायची, गादी वाढवायची, लहान मुलांना वेळेआधी वाढायचं, एवढ्यासाठी त्यांना तुम्हाला शोधत यावं लागता कामा नये. तसं यावं लागलं, तर भाषणात त्यांचं नाव घेऊन काही उपयोग नाही.

इथे एक नाजूक गोष्ट येते. दोन्ही घरांना आपलं माणूस पुढे दिसावं असं वाटतं, आणि तसं ते वाटणारच. मग खोल्यांसाठी दोन नावं, जेवणासाठी दोन, शिवाय एका मामांचा मान, असं करत करत पाच नावं होतात. पाच नावं ऐकणाऱ्याच्या लक्षात एकही राहत नाही. माझा तोडगा असा: खोल्यांचं काम यजमानांकडच्या माणसाने पाहायचं, कारण किल्ल्या तिथेच असतात, आणि जेवणाचं काम समोरच्या घरच्या माणसाने. दोन्हीकडच्या पाहुण्यांना निदान एक तरी ओळखीचा चेहरा मिळतो, आणि नावं दोनच राहतात. समोरच्या घरी हे नीट विचारून ठरवा, परस्पर जाहीर करू नका.

आणखी एक तपासा, त्या नावाचं दुसरं कुणी लग्नात आहे का. मोठ्या गोतावळ्यात एका नावाचे तिघे सहज निघतात. तसं असेल तर नावासोबत एक ठळक खूण द्या.

२. त्या दोघांच्या हातात काय हवं

भाषण झाल्यावर पाच मिनिटांत लोक त्यांच्याकडे जाणार आहेत. तेव्हा त्यांच्याकडे हे असायला हवं:

- खोल्यांची यादी, पाहुण्यांच्या आडनावाच्या क्रमाने. तीन प्रती: एक खोल्या पाहणाऱ्याकडे, एक स्वागतकक्षात, एक तुमच्या खिशात.
- प्रत्येक नावासमोर माणसं किती, खोली कोणती, किल्ली कुणी घेतली, फोन नंबर.
- निदान एक-दोन मोकळ्या खोल्या, ज्यांची नावं कुणालाही सांगितलेली नाहीत.
- जेवणाच्या वेळा आणि जागा लिहिलेला एक कागद.
- पथ्याची यादी: कुणाला काय चालत नाही. याची एक प्रत आचाऱ्याकडे.
- पूर्ण चार्ज केलेला फोन आणि पॉवर बँक.
- गळ्यात रंगीत पट्टा किंवा मोठ्या अक्षरांतला बिल्ला.

आडनावाच्या क्रमावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. कार्यालयाकडून यादी बहुधा खोलीच्या क्रमांकाने येते: १०१, १०२, १०३. पण पाहुणा येऊन स्वतःचं नाव सांगतो, खोलीचा क्रमांक त्याला माहीतच नसतो. मग यादी धरून बसलेला माणूस वरपासून खालपर्यंत बोट फिरवत राहतो आणि मागे रांग वाढते. संगणकावर एका क्लिकचं काम आहे, आदल्या रात्री करून ठेवा.

पट्ट्याचंही तसंच. 'निळ्या शर्टात आहेत ते' ही खूण संध्याकाळपर्यंतच टिकते. रात्री कपडे बदलले की खूण गेली. पट्टा मात्र कपडे कुठलेही असले तरी गळ्यात राहतो.

३. वेळ ठरवा

सगळे पाहुणे जमतील तेव्हा बोलू, असं ठरवलं तर ती वेळ कधीच येत नाही. मुक्कामी मंडळी ज्या संध्याकाळी येतात, त्या संध्याकाळी जेवणाच्या अर्धा तास आधी बोलावं. जेवण उघडल्यावर बोलू नका. एकदा ताट हातात आलं की तुमच्याकडे कुणी पाहत नाही, आणि पाहू नये हेच बरं.

त्यावेळी न पोचलेल्यांसाठी हाच मजकूर एका कागदावर दाराशी लावा: दोन नावं, दोन फोन नंबर, जेवणाच्या वेळा. फोन नंबर भाषणात वाचून दाखवू नका. दहा आकडे ऐकून कुणी लिहून घेत नाही, आणि लिहून घेतलेच तर एखादा हमखास चुकतो.

किती वेळ बोलायचं? दोन मिनिटं, फार तर अडीच. सभागृहात सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द होतात. म्हणजे लिहिलेलं दोनशे-सव्वादोनशे शब्दांत बसायला हवं. आजोबांची आठवण, दोघांची ओळख कशी झाली, त्याची गंमत, हे सगळं सांगायला दुसरी वेळ मिळते. या भाषणात ते घुसलं तर मधल्या माहितीचा चोथा होतो.

४. मजकूर लिहा

आता एक प्रसंग घेऊ. पाहुणे १८०, त्यांतले ६० मुक्कामाला, खोल्या २२, दोन इमारतींत. संध्याकाळी साडेसात वाजता तुम्ही उभे आहात. रात्रीचं जेवण ८ ते साडेदहा, सकाळचा नाश्ता साडेसात ते साडेनऊ, मुख्य समारंभ ११ वाजता. बोलणारे आहेत मुलीचे काका. खोल्या त्यांचा पुतण्या पाहतो, जेवण मुलाची मावशी पाहते. नावं नमुन्यादाखल घातली आहेत, तुमची घाला.

"नमस्कार मंडळी. मी मुलीचा काका. आमच्या दोन्ही घरांच्या वतीने आपलं सगळ्यांचं मनापासून स्वागत. लांबचा प्रवास करून, कामं बाजूला ठेवून आपण आलात, कार्याला शोभा आली.

दोनच गोष्टी सांगतो आणि आपल्याला मोकळं करतो.

मुक्कामाला असलेल्या मंडळींसाठी: खोलीचं काहीही काम असलं, किल्ली, गादी, पांघरूण, गरम पाणी, तर महेशला गाठा. महेश, जरा उभा राहा, हात वर कर. हा माझा पुतण्या, गळ्यात पिवळा पट्टा आहे. रात्री बारापर्यंत तो मुख्य दाराशेजारच्या टेबलावर असेल. त्यानंतर तिथल्या कागदावर त्याचा फोन नंबर आहे, केव्हाही फोन करा.

आता जेवणाचं, हे सगळ्यांसाठी. जेवण आठ वाजता, मागच्या हॉलमध्ये. जेवणाबद्दल काहीही सांगायचं असलं, कुणाचं पथ्य आहे, लहान मुलांना आधी वाढायचं आहे, कुणाला खोलीत ताट हवं आहे, तर वृंदामावशींना सांगा. मावशी, आपणही जरा उभ्या राहता का? त्या मुलाच्या मावशी, त्यांच्याही गळ्यात पिवळा पट्टा आहे. जेवणाच्या हॉलच्या दाराशी त्या भेटतील. गाडी घेऊन आलेल्या चालक मंडळींचं जेवणही आठ वाजताच, त्याच हॉलमध्ये, त्यांना आवर्जून सांगा.

उद्या नाश्ता साडेसातपासून, समारंभ अकराला.

पुन्हा सांगतो: खोलीसाठी महेश, जेवणासाठी वृंदामावशी. संकोच करू नका. आपण मागितलं नाही, तर आम्हाला कळणार नाही. या, जेवणाची वेळ होत आली आहे."

हे सावकाश बोलायला, मधले थांबे धरून, दोन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. घड्याळ लावून एकदा घरी मोठ्याने वाचा. डोळ्यांनी वाचलं की कमी वेळ लागतो आणि फसगत होते.

५. या मजकुरातल्या काही जागांमागची कारणं

'मी मुलीचा काका.' अर्धं सभागृह तुम्हाला ओळखत नाही, हे यजमान विसरतो. नाव, हुद्दा, शिक्षण यांपेक्षा नातं सांगा. समोरच्यांना तुम्हाला कुठल्या खुंटीवर टांगायचं ते एका शब्दात कळतं.

मानकऱ्यांची नावं मी मुद्दाम घेतलेली नाहीत. एकाचं घेतलं की दुसऱ्याचं घ्यावं लागतं, आणि राहून गेलेलं एक नाव पुढे अनेक वर्षं ऐकवलं जातं. 'आपण सगळे' यात सगळे येतात. एखाद्या वयोवृद्ध व्यक्तीचा मान राखायचाच असेल, तर माईक बाजूला ठेवून तिच्यापाशी जाऊन वाकून नमस्कार करा. तो जास्त पोचतो.

'महेश, उभा राहा' हे भाषणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य. नाव कानाने ऐकलेलं असतं, पण रात्री शोधायचं असतं डोळ्यांनी. त्यामुळे माणूस दिसलाच पाहिजे. तो सभागृहात नसेल तर भाषण दोन मिनिटं थांबवा, त्याला बोलावून आणा. 'महेश आत्ता इथे नाही, पण नंतर भेटेलच' असं म्हटलंत तर पाहुण्याच्या डोक्यात चेहरा राहत नाही, आणि तो पुन्हा तुमच्याकडेच येणार. दोघांनाही आधी सांगून ठेवा की नाव घेतल्यावर तीन-चार सेकंद हात वर ठेवून सगळीकडे वळून पाहायचं. लाजून लगेच खाली बसलं तर मागच्या रांगेला काही दिसत नाही.

घरच्या पोराला 'अरे महेश' आणि समोरच्या घरच्या मावशींना 'आपण', हा फरक सांभाळा. आणि नाव ज्या रूपात पाहुणे हाक मारतील, त्याच रूपात सांगा. 'सौ. वृंदा' म्हटलंत तर कमी ओळखीच्या माणसाला कशी हाक मारावी हेच कळत नाही. 'वृंदामावशी' म्हटलं की लहान-थोर सगळे तेच म्हणतात.

'मुक्कामाला असलेल्या मंडळींसाठी' हे शब्द आधी आले पाहिजेत. १२० माणसं फक्त दिवसभरासाठी आली आहेत. हे शब्द नसतील तर त्यांतले काही जण आपल्यालाही खोली आहे असं समजून महेशपुढे उभे राहतात, आणि नाही म्हणायची वेळ त्याच्यावर येते. कोण कुठल्या खोलीत, हे मात्र माईकवरून अजिबात वाचू नका. कुणाला खिडकीची, कुणाला तळमजल्याची, कुणाला तिघांत एक, ही तुलना तिथल्या तिथे सुरू होते.

'काही उणंअधिक झालं तर सांभाळून घ्या' हे वाक्य मी काढून टाकलं आहे. त्याबद्दल माझ्या घरातच मतभेद आहेत. वडीलधाऱ्यांना ते नम्रतेचं वाटतं आणि ते खरंही आहे. पण मुक्कामी पाहुण्याला त्यातून ऐकू येतं की तक्रार करू नका. मग नळाला पाणी नसलं तरी माणूस गप्प झोपतो आणि घरी गेल्यावर सांगतो. ते वाक्य हवंच असेल तर भाषणाच्या शेवटी घ्या आणि लगेच पुढे 'पण सांगायला विसरू नका, महेश आहे' हे जोडा.

पथ्याबद्दल एक सूचना वृंदामावशींना वेगळी द्या. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असलेला पाहुणा विचारेल, 'यात अमुक आहे का?' तेव्हा अंदाजाने 'नसेल' म्हणायचं नाही. त्याला थेट आचाऱ्यापाशी न्यायचं आणि आचाऱ्याच्याच तोंडून उत्तर घ्यायचं. आचाऱ्यालाही खात्री नसेल, तर तो पदार्थ त्या ताटात नको.

६. माईक आणि जागा

बोलायच्या अर्धा तास आधी माईक एकदा चालवून पाहा. वायरलेस असेल तर नवे सेल घाला, जुन्यावर भागवू नका. माईकवर फुंकर मारणं, टकटक करणं नको, साधं 'नमस्कार' म्हणून बघा. मागच्या भिंतीपाशी एकाला उभं करा, त्याने हात वर केला म्हणजे ऐकू येतंय.

माईक हनुवटीच्या थोडा खाली, तोंडापासून चार बोटांवर धरा आणि मान वळवली तर माईकही वळवा. महेशकडे बघून 'उभा राहा' म्हणताना हात जागेवरच राहतो आणि नेमकं नाव हवेत विरतं. शिट्टी वाजू लागली तर स्पीकरच्या समोरून बाजूला सरका. स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरला की ती वाजते. माईक तळव्याने झाकलात तर शिट्टी उलट वाढते.

पार्श्वसंगीत मंद करून भागत नाही, पूर्ण बंद करायला सांगा. आणि कागद हातात ठेवा. पाठ केलेलं भाषण नातेवाइकांच्या गर्दीसमोर पुसलं जातं. मोठ्या अक्षरांत, एका पानावर, दोन नावं जाड करून.

७. भाषण उतरलं की नाही, कसं ओळखायचं

उत्तर पुढच्या तासाभरात मिळतं. खोलीबद्दल विचारणारे लोक महेशच्या टेबलाकडे वळत असतील तर झालं. ते अजून तुमच्याकडे येत असतील, तर उत्तर स्वतः देऊ नका, अगदी माहीत असलं तरी. पाहुण्याला घेऊन चार पावलं महेशपर्यंत चाला आणि ओळख करून द्या. एकदा तुम्ही स्वतः किल्ली काढून दिलीत की पुढचे सगळे तुमच्याकडेच येणार.

दोघांपैकी एकालाच गर्दी झाली असेल, तर कारण बहुधा जागेचं असतं. जेवणाचं टेबल दिसत नसेल अशा कोपऱ्यात असेल, किंवा मावशी स्वतः जेवायला बसल्या असतील. जेवायला जाताना पट्टा गळ्यातून काढून बदलीच्या माणसाच्या गळ्यात घालायचा, हा नियम दोघांना आधीच सांगा. पाहुण्याने पट्टा शोधला की माणूस सापडलाच पाहिजे, मग तो कुणीही असो.

८. सकाळची छोटी घोषणा

रात्री उशिरा आलेले आणि सकाळी थेट समारंभाला आलेले, दोघांनीही तुमचं भाषण ऐकलेलं नाही. त्यामुळे समारंभाच्या पाऊण तास आधी पुन्हा एकदा माईक घ्या, पण या वेळी अर्ध्या मिनिटासाठीच:

"नमस्कार. रात्री उशिरा आलेल्या आणि आज सकाळी आलेल्या सगळ्यांचं स्वागत. सामान ठेवायचं असेल, थोडा वेळ टेकायला खोली हवी असेल, तर महेश, पिवळा पट्टा, दाराजवळ. जेवणाचं काही असेल तर वृंदामावशी, मागच्या हॉलच्या दाराशी. जेवण समारंभ झाल्यावर लगेच, साधारण साडेबाराला. निघणाऱ्या मंडळींनी खोलीची किल्ली महेशच्या हातात द्यावी, दाराला लावून जाऊ नये."

किल्लीचं वाक्य आदल्या रात्री बोलू नका. आल्याआल्या पाहुण्याला निघायचं सांगितल्यासारखं होतं.